चार्ज देणं-घेणं : एका दिवसाच्या कार्यशाळेच्या नोंदी

३ जून

प्लांट हेडनी बोलावलं होतं. म्हणाले, "सगळ्या सुपरवायझरांसाठी संवादकौशल्याची एक दिवसाची कार्यशाळा घ्या. या महिन्यातच." उत्पादन, मेंटेनन्स आणि क्वालिटी धरून एकूण अठरा जण.

मी विचारलं, "साहेब, नेमकं काय बघितलंत म्हणून ही कार्यशाळा हवी वाटली?" त्यावर त्यांनी लाइन दोनचा किस्सा सांगितला. सीलिंग मशीनच्या जबड्यात दोन हीटर असतात. दुसऱ्या पाळीत त्यातला एक गेला आणि सील एका बाजूला कच्चं बसायला लागलं. सुपरवायझरने माल थांबू नये म्हणून तापमान १६५ वरून १८० अंशांवर नेलं, सील पक्कं बसलं, काम चालू राहिलं. रात्रपाळीत फिटरने हीटर बदलला. सेटिंग मात्र १८० वरच राहिलं, कारण ते वाढवलंय हेच रात्रपाळीला माहीत नव्हतं. पहाटेपर्यंत पाकिटांच्या कडा जळून ठिसूळ झाल्या आणि सकाळी क्वालिटीने तीन तासांचा माल बाजूला काढला. लॉगबुकात दुसऱ्या पाळीची नोंद होती, "लाइन २ सीलिंग ओके, चालू."

या किश्शात कुणी वाईट बोललेलं नाही, कुणी आवाज चढवलेला नाही. एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे चार्ज जाताना एक गोष्ट गळाली, एवढंच. "संवादकौशल्य" या शब्दाखाली मी दिवसभर देहबोली आणि सक्रिय श्रवण शिकवलं असतं, तरी ती तशीच गळाली असती. मी त्यांना म्हटलं, विषय एकच ठेवू या : चार्ज देणं आणि घेणं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण आधी तीन दिवस जागेवर बघून येते म्हटल्यावर तयार झाले.

७ जून

तीन दिवस तिन्ही वेळांना लाइनवर उभी राहिले : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. नऊ चार्ज बघितले. हातात घड्याळ आणि वही, बोलले काहीच नाही. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते, तिसऱ्या दिवशी विसरले. त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या नोंदीच खऱ्या मानायच्या.

एकही चार्ज चार मिनिटांच्या वर गेला नाही. सकाळी सहाचा एक तर दीड मिनिटात आटोपला. जाणाऱ्याच्या खांद्याला बॅग अडकवलेली, येणारा अजून हेअरनेट घालतोय. "सगळं ओके आहे. दोनला थोडा त्रास झाला, पण चालू आहे." येणाऱ्याने मान डोलावली. जाणारा चार पावलं गेला, थांबला, मागे वळून म्हणाला, "आणि हो, तीनचा गार्ड सैल आहे, फिटरला सांगितलंय." गार्ड म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण. तोवर कन्व्हेयर सुरू झाला होता. येणाऱ्याला ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

देणारे काय झालं ते सांगतात : किती माल निघाला, कुठे थांबलं, कोण गैरहजर. आता काय अर्धवट आहे आणि पुढे कशावर नजर ठेवायची, हे फारसं येत नाही. आणि मला खरं आश्चर्य वाटलं ते घेणाऱ्यांचं. नऊपैकी सात जणांनी एकही प्रश्न विचारला नाही. चार्ज "घेणं" हे काहीतरी करायचं काम आहे, असं कुणाच्या वागण्यात दिसत नव्हतं. मी मनात जो आराखडा धरून गेले होते, तो सगळा देणाऱ्यासाठी होता. तो बदलायला लागणार.

१० जून

यातलं प्रशिक्षणाने सुटणारं किती आणि न सुटणारं किती, हे आधी वेगळं केलं पाहिजे. त्यासाठी एक साधी परीक्षा केली. दोन जोड्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "घाई नाही, दहा मिनिटं आहेत, आजचा चार्ज तुम्हाला हवा तसा नीट द्या."

देणाऱ्यांनी खरोखरच चांगला दिला. अर्धवट कामंही आपणहून सांगितली. म्हणजे देण्याची बरीचशी अडचण कौशल्याची नसून वेळेची आहे : कंपनीची बस पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत निघते आणि दोन पाळ्यांच्या वेळा एकमेकींना नुसत्या चिकटलेल्या आहेत. घेणाऱ्यांमध्ये मात्र वेळ मिळूनही काही फरक पडला नाही. ते तसेच मान डोलावत राहिले. शिकवायचं आहे ते तिथे.

प्लांट हेडना हे सांगितलं आणि एक मागणी ठेवली : बस दहा मिनिटं उशिरा सुटावी आणि येणाऱ्या सुपरवायझरने दहा मिनिटं आधी यावं, त्याचे पैसे धरून. हे झाल्याशिवाय मी कार्यशाळा घेणार नाही. शिकलेलं करायला जागाच नसेल, तर महिनाभरात लोक म्हणतील, "शिकवलं होतं, पण चालत नाही," आणि मग तो विषय पुन्हा काढणं अवघड. बरीच घासाघीस झाली. शेवटी १ जुलैपासून सहा आठवडे करून बघू, यावर ते आले.

१३ जून

आज उद्दिष्ट लिहिलं. पहिला खर्डा असा होता : "सहभागींना प्रभावी चार्ज हस्तांतराचं महत्त्व समजेल." खोडला. महत्त्व समजलं हे मी लाइनवर उभं राहून कसं बघणार? जे दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, ते उद्दिष्टात ठेवायचं नाही, असं ठरवून पुन्हा बसले आणि सहा मुद्द्यांचा निरीक्षण कागद तयार झाला :

१. मशीनवर नेहमीपेक्षा वेगळं काय करून ठेवलंय, ते देणाऱ्याने सांगितलं.
२. अर्धवट राहिलेलं काम आणि ते कुणाकडे आहे, हे सांगितलं.
३. पुढच्या पाळीत कशावर नजर ठेवायची आणि काय दिसलं तर काय करायचं, हे सांगितलं.
४. घेणाऱ्याने ऐकलेलं परत सांगितलं.
५. घेणाऱ्याने, जे सांगितलं गेलं नाही त्याबद्दल, निदान एक प्रश्न विचारला.
६. दोघांनी मिळून निदान एक मशीन जाऊन पाहिलं.

हाच कागद आधी, कार्यशाळेत आणि नंतर, तिन्ही वेळा वापरायचा. गेल्या आठवड्यातल्या नऊ चार्जना वहीतल्या नोंदींवरून गुण दिले. पहिला मुद्दा नऊपैकी चार वेळा, दुसरा पाच, तिसरा दोन, चौथा शून्य, पाचवा दोन, सहावा एक. म्हणजे एका चार्जला सहापैकी सरासरी दीड. हा आकडा मी सुपरवायझरांना दाखवणार नाही. त्यांनी स्वतःच तो शोधावा असं मला वाटतं.

चौथा मुद्दा मी रुग्णालयांकडून घेतला आहे. तिथे डॉक्टरांच्या पाळ्या बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्यासाठी "आय-पास" नावाची पद्धत आहे. तिच्या पाच पायऱ्यांतली शेवटची पायरी घेणाऱ्याची आहे : ऐकलेलं त्याने स्वतःच्या शब्दांत मांडायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांनी नुसती कार्यशाळा घेतली नव्हती. नंतर वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष चार्जच्या वेळी उभे राहून बघत आणि तिथल्या तिथे सांगत. आपल्या एका दिवसाने तसा परिणाम होईल असं मी कुणालाही सांगणार नाही, पण नंतरचं बघणं मात्र सोडायचं नाही.

१८ जून

सरावाचे प्रसंग लिहिणं हे या सगळ्यातलं सर्वांत वेळखाऊ काम निघालं. तीन महिन्यांची लॉगबुकं चाळून सहा प्रसंग काढले. सगळे आपल्याच लाइनवरचे. माणसं आणि तारखा बदलल्या.

पहिल्या खर्ड्यात एक चूक झाली होती, आणि ती सहज लक्षात येणारी नाही. देणाऱ्यासाठीच्या कार्डावर मी माहिती छान ओळीने लिहिली होती : आधी उत्पादन, मग बिघाड, मग अर्धवट कामं. असं कार्ड हातात आलं की माणूस ते वाचून दाखवतो. त्यात कौशल्य कसलं? खऱ्या पाळीत माहिती अशी रचून मिळत नाही. ती आठ तासांत विस्कळीत येते आणि त्यातून निवडणं हेच तर काम असतं.

म्हणून कार्ड मोडून पाकीट केलं. सीलिंगच्या प्रसंगाचं पाकीट असं आहे : लॉगबुकाच्या पानाची नक्कल, त्यावर दर तासाचं उत्पादन. फिटरची चिठ्ठी, "हीटर स्टोअरमध्ये नाही, रात्री येईल." ऑपरेटरचं एक वाक्य, "साहेब, १८० वर सील बरं बसतंय." क्वालिटीच्या तपासणीचे तीन आकडे. आणि प्रसंगाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी : एक रजेचा अर्ज, एक पॅलेट कमी असल्याचा निरोप. देणाऱ्याने तीन मिनिटांत हे सगळं वाचायचं, पाकीट बंद करायचं आणि चार्ज द्यायचा.

घेणाऱ्याकडे काहीच नसतं. त्रिकुटातला तिसरा माणूस निरीक्षक, त्याच्याकडे मात्र तीन प्रश्न असतात. चार्ज संपला की ते त्याने घेणाऱ्याला विचारायचे. या पाकिटाचे प्रश्न : आता सीलिंगचं तापमान किती आहे? ते तेवढं का आहे? हीटर बदलल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय कराल? चार्ज चांगला झाला की नाही याचा निवाडा देणाऱ्याच्या बोलण्यावरून करायचा नाही, घेणाऱ्याच्या उत्तरावरून करायचा.

२१ जून

पाच जणांवर तालीम केली : दोन सुपरवायझर, स्टोअरचे दोघे आणि एक नवा इंजिनियर. तालीम केली नसती तर मोठा घोटाळा झाला असता.

एका फेरीला मी बारा मिनिटं धरली होती, लागली वीस. वाचायला तीन, चार्जला सहा, तीन प्रश्नांना पाच आणि नंतरच्या बोलण्याला सहा. ते शेवटचं बोलणं कापलं तर फेरीला अर्थच उरत नाही, म्हणून फेऱ्याच कमी केल्या. सहा पाकिटांपैकी तीन पहिल्या फेऱ्यांना, तीन दुसऱ्या फेऱ्यांना, आणि दुपारी लाइनवर पाकीट नाहीच. तिथे प्रत्येकाने आपल्या परवाच्या पाळीचा खरा चार्ज द्यायचा.

निरीक्षकही गडबडले. कागदावर बरोबर-चूकच्या खुणा करायला सांगितल्या होत्या. सगळीकडे बरोबरच्या खुणा आणि शेवटी "छान झालं." समोर बसलेल्या सहकाऱ्याला चूक म्हणायला कुणालाच बरं वाटत नाही. आता खुणेऐवजी रिकामी ओळ ठेवली आहे : त्या मुद्द्याबद्दल जे शब्द प्रत्यक्ष ऐकू आले ते जसेच्या तसे लिहा. काही ऐकू आलं नसेल, तर ओळ रिकामी सोडा. रिकामी ओळ वाचून दाखवायला कुणाला अवघड जात नाही.

सुरुवातीला धून वाजवून ओळखायचा खेळ ठेवला होता. टेबलावर एकाने धून वाजवायची, दुसऱ्याने ओळखायची. हा एका जुन्या प्रयोगावरून आलाय. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी तो केला होता : वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्म्या धुनी ओळखल्या जातील, प्रत्यक्षात १२० पैकी तीनच ओळखल्या गेल्या. आपल्या डोक्यात वाजतं ते समोरच्याला ऐकू येत नाही, हा मुद्दा आपल्या विषयाला तंतोतंत लागू आहे. तरी खेळ काढून टाकला. पंचवीस मिनिटं हसण्यात गेली आणि सीलिंगच्या पाकिटाने तोच मुद्दा आपल्या मशीनवर दाखवला. प्रयोग दोन वाक्यांत सांगेन.

२५ जून

वेळापत्रक पक्कं केलं. अठरा जण एकदम काढता येत नाहीत, म्हणून नऊ-नऊच्या दोन तुकड्या, २८ जून आणि २ जुलै. आदल्या रात्री रात्रपाळी केलेला एकही माणूस नको, हे ड्यूटी लावणाऱ्यांना दोनदा लिहून कळवलं. झोप न झालेला माणूस सरावाला बसवून काही उपयोग नाही.

एकमेकांना खरोखर चार्ज देणारे जोडीदार एकाच तुकडीत घेतले. सकाळी मात्र त्यांना वेगवेगळ्या त्रिकुटांत बसवायचं. ओळखीची माणसं अर्ध्या शब्दांत बोलतात आणि नेमकं तेच आपल्याला मोडायचंय. दुपारी लाइनवर ते एकत्र येतील.

नऊ ते सव्वानऊ ओळख आणि दिवसाचा हेतू. सव्वानऊला थेट पहिल्या तीन फेऱ्या, काहीही न शिकवता. साडेदहाला काय गळालं ते फळ्यावर, त्यातून निरीक्षण कागद, आणि माझं एक प्रात्यक्षिक. साडेअकरा ते पाऊण दुसऱ्या तीन फेऱ्या. जेवणानंतर स्वतःच्या पाळीची तयारी. दोनला पाळी बदलते, म्हणून लाइनवरचा सराव अडीच ते चार. शेवटचा तास पुढच्या सहा आठवड्यांसाठी. मी बोलण्याची एकूण वेळ पस्तीस मिनिटांच्या आसपास येते. आधी शिकवून मग सराव, हा क्रम मुद्दाम उलटा केला. आपला चार्ज गळतो हे स्वतः बघितलेलं नसताना कागद हातात दिला, तर वीस वर्षं चार्ज देणाऱ्या माणसाला तो अपमान वाटेल.

२८ जून, पहिली तुकडी

रात्री लिहितेय, कारण उद्यापर्यंत शब्द विसरतील.

पहिल्या फेरीत तीनपैकी दोन त्रिकुटांत घेणाऱ्याला तापमान सांगता आलं नाही. एका त्रिकुटात देणारे आमचे सर्वांत ज्येष्ठ सुपरवायझर होते. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं." निरीक्षकाने कागद वाचला : "हीटरचा प्रॉब्लेम आहे, तात्पुरतं ॲडजस्ट केलंय, रात्री हीटर येईल." घेणारा म्हणाला, "मला वाटलं, हीटरच ॲडजस्ट केलाय." ज्येष्ठ सुपरवायझरांनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, "ॲडजस्ट हा शब्दच बंद करायला हवा. आकडा सांगायचा." हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही.

पायपर अल्फाची गोष्ट सहा मिनिटांत सांगितली. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता, हे रात्रपाळीला कळलं नव्हतं. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसं गेली. चित्रं दाखवली नाहीत. फक्त विचारलं, त्या संध्याकाळी चार्ज घेणारे तुम्ही असता, तर कोणता प्रश्न विचारला असता? "कोणतं मशीन सुरू करायचं नाही?" हा प्रश्न मेंटेनन्सच्या एका सुपरवायझर बाईंनी सुचवला. आता तो पाचव्या मुद्द्यासाठी सगळ्यांचा ठरलेला प्रश्न झाला आहे.

दुसऱ्या फेऱ्यांत सीलिंगचं पाकीट पुन्हा घेतलं, तेव्हा चौथा मुद्दा फसला. घेणारे पोपटासारखं परत म्हणत होते : "तापमान १८०, हीटर रात्री येणार." शब्द बरोबर, आणि तरीही "हीटर बदलल्यावर आधी काय कराल?" यावर एक जण अडखळला. परत म्हणून दाखवण्याने ऐकू आलं एवढंच कळतं, समजलं की नाही ते कळत नाही. मी फेरी थांबवली आणि सूचना बदलली : परत सांगू नका, पुढच्या दोन तासांत तुम्ही काय काय करणार ते सांगा. पुढच्या चार्जमध्ये घेणारा म्हणाला, "मी आधी स्टोअरला फोन करून हीटर आला का बघतो. आला की फिटर बसवेल, मग मी तापमान १६५ वर आणून दहा पाकिटं तपासतो." देणाऱ्याने मध्येच हात वर केला : "थांबा, गरम असताना बदलू नका, लाइन आधी थांबवा." हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. ते त्याला इतकं उघड वाटत होतं, की सांगावंसंच वाटलं नव्हतं. समोरच्याचा बेत ऐकल्यावर मात्र आठवलं. आजच्या दिवसातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं हे एक मिनिट. कागदावर चौथा मुद्दा तिथेच बदलला.

आणखी एक अडचण अपेक्षित होती, ती आलीच. वयाने आणि हुद्द्याने धाकटा माणूस ज्येष्ठाला प्रश्न विचारत नाही. विचारला तर तपासणी केल्यासारखं होतं. त्यावर भाषण देऊन काही होत नाही, तोंडात बसेल असं वाक्य हवं. त्यांनीच दोन-तीन बनवली. शेवटी ठरलं ते हे : "माझ्याकडून चूक नको व्हायला, म्हणून एकदा सांगतो, बरोबर आहे का बघा." यात ज्येष्ठाचा मान राहतो आणि काम होतं. प्रत्येकाने ते मोठ्याने तीनदा म्हटलं.

दुपारी लाइनवर गेल्यावर कळलं की कानात इअरप्लग घालून कन्व्हेयरशेजारी सहा मिनिटांचा चार्ज होऊच शकत नाही. वर्गात बसून हे मला सुचलं नसतं. बोलणं सुपरवायझरच्या टेबलाजवळ, मग एकत्र चालत मशीनपर्यंत, आणि तिथे फक्त बोट दाखवून आकडा वाचायचा, असा क्रम जोड्यांनी ठरवला.

शेवटच्या तासात अभिप्रायाचा कागद दिलाच नाही. प्रत्येकाने एक ओळ लिहिली : "जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी अमुक करीन." "बॅग खांद्याला लावायच्या आधी मी टेबलाजवळ थांबेन." "समोरचा 'सगळं ओके' म्हणाला, की मी विचारेन, काय वेगळं केलंय?" मग प्रत्येक जोडीने माझ्या वहीत तीन तारखा नोंदवल्या, ज्या दिवशी मी त्यांचा चार्ज बघायला येणार. तारखा घेतल्याशिवाय कुणाला जाऊ दिलं नाही.

२ जुलै, दुसरी तुकडी

चौथा मुद्दा सुरुवातीपासून नव्या रूपात, त्यामुळे दुसऱ्या फेऱ्या खूपच बऱ्या झाल्या. लाइनवरचा सराव पंधरा मिनिटांनी वाढवला. बाकी फार लिहिण्यासारखं नाही. बस कालपासून दहा मिनिटं उशिरा सुटते आहे.

९ जुलै

पहिलं निरीक्षण, नऊ चार्ज. सरासरी सव्वाचार. घेणाऱ्याचा बेत सांगणं नऊपैकी सात वेळा झालं. सुरुवातीच्या उत्साहाचा आकडा आहे हा, मी अजून कुणाला कळवलेला नाही.

१६ जुलै

पंधरा मिनिटांची उजळणी, पाळीच्या आधी, तीन-तीन जणांची. कागद पुन्हा वाटला नाही. कोरा कागद दिला आणि सहा मुद्दे आठवून लिहायला सांगितले. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढल्याने गोष्ट जास्त टिकते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे दाखवलं होतं : पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने पाहिलं तर आठवून काढणारे पुढे. बहुतेकांना पाच मुद्दे आठवले. मशीन जाऊन बघण्याचा मुद्दा सगळ्यांत जास्त सुटला. याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

३० जुलै

दुसरं निरीक्षण. सरासरी साडेतीनवर उतरली. घसरण मुख्यतः सकाळी सहाच्या चार्जमध्ये आणि मुख्यतः सहाव्या मुद्द्यात : नऊपैकी तीनच जोड्या मशीनपर्यंत गेल्या.

आळस म्हणून सोडून देता आलं असतं. विचारल्यावर कारण निघालं : सकाळी सहाला साफसफाई सुरू असते, मशीनजवळची जमीन ओली असते आणि तिथे जायला मनाई असते. म्हणजे लोक नियम पाळत होते आणि माझा मुद्दा त्या नियमाच्या आड येत होता. सफाईच्या सुपरवायझरांशी बोलून लाइन दोन आणि तीनची सफाई सव्वासहाला सुरू करायचं ठरलं. पुन्हा एकदा, शिकवण्याने सुटणारं हे नव्हतंच.

एका जोडीची सवय मात्र खरंच सुटली होती. दोघं जुने मित्र, पुन्हा अर्ध्या शब्दांवर आले होते. त्यांना जुनं पाकीट दिलं, वीस मिनिटांची एक फेरी घेतली. घेणाऱ्याला तीनपैकी एकच उत्तर आलं. दोघं एकमेकांकडे बघून गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून टेबलाजवळ थांबू लागले.

१३ ऑगस्ट

तिसरं निरीक्षण : सरासरी साडेचार. सहावा मुद्दा नऊपैकी सात.

प्लांट हेडनी विचारलं, "माल वाया जाणं किती कमी झालं?" मी आकडा दिला नाही. सहा आठवडे थोडे आहेत, त्याच काळात सीलिंग मशीनचे दोन्ही हीटर नवे बसले आणि एका लाइनवर फिल्मही बदलली. कशामुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही. जे मी स्वतः बघितलं तेवढं दिलं : कार्यशाळेनंतरच्या सत्तावीस चार्जचे कागद, त्यांच्या जोडीला आधीचे नऊ, आणि अशा चार नोंदी जिथे घेणाऱ्याच्या बेतावरून देणाऱ्याला राहिलेली गोष्ट आठवली. त्यातली एक, मशीनच्या गार्डचा स्विच बंद ठेवल्याची. ती नोंद त्यांनी दोनदा वाचली. दहा मिनिटांची सोय आता कायमची झाली.

राहिलेली कामं : निरीक्षणाचं काम सप्टेंबरपासून ज्येष्ठ सुपरवायझरांकडे जाईल. त्यांनी स्वतःहून मागितलं आहे. पहिले दोन चार्ज मी त्यांच्याबरोबर उभी राहीन आणि दोघांचे कागद शेजारी ठेवून बघू. नव्या हीटरमुळे सीलिंगचं पाकीट जुनं झालं, त्याच्या जागी गार्डच्या स्विचचं लिहायचं आहे. ऑक्टोबरमध्ये दोन नवे सुपरवायझर येताहेत. त्यांना पूर्ण दिवस देता येणार नाही, म्हणून सकाळच्या फेऱ्या आणि लाइनवरचा दीड तास, एवढंच घेणार.